सीपीकेचे तिरके आकडे आणि सतरा रुग्ण: टी-टेस्ट, लॉग की मॅन-व्हिटनी?

प्रश्न: मी तळकोकणात एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंध लेप्टोवर आहे. दाखल झाल्यावरचा सीपीके (युनिट प्रति लिटर) असा आला. किडनीला इजा नसलेले ९ रुग्ण: ६२, ८५, ९८, १२०, १४५, १८०, २३०, ४१०, ९६०. इजा झालेले ८ रुग्ण: १५०, २१०, ३४०, ४८०, ६२०, ८९०, १९००, ६४००. साध्या टी-टेस्टने पी ०.१३ येतो, मॅन-व्हिटनीने ०.०२१. गाईड सर म्हणतात, शापिरो-विल्क नापास आहे म्हणून नॉनपॅरामेट्रिकच वापर. दुसरे सर म्हणतात, लॉग घेऊन टी-टेस्ट कर. ६४००चा रुग्ण काढून टाकावा असंही एकाने सुचवलं. मी काय लिहू?

उत्तर:

तुमच्या दोन्ही सरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. चूक फक्त पहिल्या टी-टेस्टमध्ये आहे आणि ६४०० काढायच्या सल्ल्यात. माझं मत विचाराल तर या आकड्यांसाठी मुख्य विश्लेषण लॉग घेऊन वेल्चची टी-टेस्ट हे ठेवा आणि मॅन-व्हिटनी सोबत द्या. पण हे मत पी-व्हॅल्यू बघून बनलेलं नाही. ते कशावरून बनलं ते सविस्तर सांगते, कारण व्हायव्हाला तुम्हाला तेच विचारतील.

आधी कच्च्या आकड्यांच्या टी-टेस्टचं बघू. पहिल्या गटाची सरासरी २५४ आणि प्रमाण विचलन २८५ आहे. दुसऱ्या गटाची सरासरी १३७४ आणि प्रमाण विचलन २१०७. सीपीके शून्याखाली जाऊ शकत नाही. अशा मोजमापात विचलन सरासरीपेक्षाही मोठं निघालं, तर आकडे उजवीकडे लांब शेपूट घेऊन बसलेत हे सांगायला कुठल्याही चाचणीची गरज नाही. एवढ्याशा गटात ही शेपूट एकाच रुग्णाची असते, आणि सगळं गणित त्या एका रुग्णाच्या हातात जातं.

हे किती टोकाला जातं ते स्वतः करून बघा. फाईलची एक प्रत घ्या, त्यात ६४००च्या जागी २६०० टाका आणि तीच टी-टेस्ट पुन्हा चालवा. दोन गटांच्या सरासरीतला फरक १११९ वरून ६४४ वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. फरक कमी झाला, तर पुरावाही कमकुवत व्हायला हवा. पण पी ०.१३ वरून ०.०५६ वर उतरतो, म्हणजे पुरावा उलट बळकट झाल्यासारखा दिसतो! कारण असं की एक प्रचंड आकडा सरासरी थोडी वर ओढतो, पण विचलन त्याहून कितीतरी जास्त फुगवतो. फरकाची प्रमाण त्रुटी या बदलाने ७०६ वरून ३११ वर आली. ज्या चाचणीत एखादा रुग्ण आणखी आजारी असला की निष्कर्ष आणखी धूसर होतो, ती चाचणी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीये. ०.१३ हा आकडा म्हणून बाजूला ठेवायचा, तो ०.०५ च्या वर आहे म्हणून नाही. याच कच्च्या आकड्यांवर दोन गटांचं विचलन वेगळं धरणारी वेल्चची चाचणी लावली तर पी ०.१८ येतो. त्यानेही दुखणं बरं होत नाही, कारण दुखणं विचलनाच्या असमानतेपुरतं नाही. मोजपट्टीच चुकीची आहे.

आता शापिरो-विल्कबद्दल. गाईड सरांचा निष्कर्ष चालण्यासारखा आहे, पण त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही. आठ-नऊ आकड्यांवर शापिरो-विल्कची ताकद फार थोडी असते. तुमच्यासारखी टोकाची शेपूट ती पकडते, पण मध्यम तिरकेपणा सहज निसटू देते. म्हणजे छोट्या नमुन्यात, जिथे नॉर्मल वितरणाची खरी गरज आहे, तिथेच ती ‘पास’ म्हणते. आणि दोनशे रुग्णांत, जिथे टी-टेस्टला थोड्या तिरकेपणाने फारसं बिघडत नाही, तिथे ती क्षुल्लक कारणाने ‘नापास’ म्हणते. त्यामुळे चाचणी निवडायचं दार तिच्या ताब्यात देऊ नये. दोन पायऱ्यांची ही पद्धत, म्हणजे आधी नॉर्मॅलिटी तपासायची आणि मग त्यावरून टेस्ट ठरवायची, अंतिम पी-व्हॅल्यूचा अर्थही गढूळ करते.

मग कशावरून ठरवायचं? ते मोजमाप शरीरात कसं तयार होतं यावरून. सीपीके स्नायूंच्या पेशी फुटल्या की रक्तात येतो. लेप्टोत पोटऱ्या दुखतात ते याच स्नायूंच्या इजेमुळे. इजा दुप्पट झाली की सीपीके साधारण काही पटींनी चढतो, ठरावीक युनिटांनी नाही. वॉर्डमध्ये आपण बोलतोही तसंच: ‘सीपीके नॉर्मलच्या पाचपट आहे.’ १५० चा ३०० होणं आणि ३००० चा ६००० होणं या आपल्या लेखी सारख्याच घटना आहेत. ज्या मोजमापाबद्दल आपण पटींत विचार करतो, त्याला लॉगची मोजपट्टी शोभते, कारण लॉगवर समान पट म्हणजे समान अंतर. सीआरपी, फेरिटिन, बिलिरुबिन, ट्रान्सअमायनेज, ट्रायग्लिसराइड ही सगळी याच जातीची. सोडियम किंवा अल्ब्युमिन या जातीचे नाहीत, त्यांना लॉग घ्यायचं कारण सहसा नसतं. हे ज्ञान तुमच्या सतरा आकड्यांतून आलेलं नाही, आधीपासून आहे. म्हणून त्याच्या आधारे घेतलेला निर्णय आकडे बघण्यापूर्वीच घेता येतो, आणि हीच त्याची खरी किंमत आहे.

लॉग घेतल्यावर काय होतं ते बघा. नैसर्गिक लॉगवर पहिल्या गटाची सरासरी ५.१६ आणि विचलन ०.८५, दुसऱ्याची ६.४९ आणि १.२२. ही सरासरी उलटी फिरवून युनिटमध्ये आणली की तिला भूमितीय मध्य म्हणतात: १७४ आणि ६५६. मध्यक अनुक्रमे १४५ आणि ५५० आहेत, म्हणजे भूमितीय मध्य त्यांच्या आसपासच आहे. २५४ आणि १३७४ या साध्या सरासऱ्या मात्र गटातल्या बहुतेक रुग्णांच्या वर जाऊन बसल्या आहेत. दुसऱ्या गटात आठपैकी सहा जण ‘सरासरी’च्या खाली आहेत! अशी सरासरी कुणाचंच वर्णन करत नाही.

दोन लॉग-सरासऱ्यांतला फरक १.३३. तो उलटा फिरवला की फरक राहत नाही, गुणोत्तर होतं: ३.८. वेल्चच्या टी-टेस्टने पी ०.०२४, आणि त्या गुणोत्तराचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२ ते ११.६. वाक्यात मांडायचं तर किडनीला इजा झालेल्या रुग्णांचा सीपीके सरासरीने ३.८ पट होता, आणि हे आकडे १.२ पट ते ११.६ पट इथपर्यंतच्या खऱ्या फरकाशी सुसंगत आहेत. मघाचा प्रयोग इथे पुन्हा करा. ६४०० चा २६०० केला की गुणोत्तर ३.८ वरून ३.४ होतं आणि पी ०.०२४ वरून ०.०१८. निष्कर्ष जागचा हलत नाही. चांगल्या मोजपट्टीची ही खूण आहे.

वेल्च का, साधी का नाही? कारण लॉगवरही दुसऱ्या गटाचा फैलाव जास्त आहे. फैलाव समान असला तरी वेल्च वापरल्याने फारसं काही जात नाही, आणि असमान असला तर तीच सुरक्षित. म्हणून मी विद्यार्थ्यांना पर्याय म्हणून नाही, नेहमीची चाचणी म्हणूनच वेल्च वापरायला सांगते.

मॅन-व्हिटनीकडे येऊ. ही चाचणी काय मोजते हे बहुतेक प्रबंधांत चुकीचं लिहिलेलं असतं. ती मध्यकांची तुलना करत नाही. नऊ आणि आठ रुग्णांच्या ७२ जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीत एक इजा झालेला आणि एक न झालेला. किती जोड्यांत इजा झालेल्याचा सीपीके जास्त आहे ते मोजायचं. १५० हा पहिल्या गटातल्या पाच जणांपेक्षा जास्त, २१० सहांपेक्षा, ३४० सातांपेक्षा, ४८०, ६२० आणि ८९० प्रत्येकी आठांपेक्षा, १९०० आणि ६४०० सगळ्या नवांपेक्षा. बेरीज ६०. म्हणजे ७२ पैकी ६० जोड्यांत, ८३ टक्के. फरकच नसता तर हा आकडा ३६ च्या आसपास असता. एवढीच ती चाचणी, आणि तिचं उत्तर या ८३ टक्क्यांत आहे. फक्त पी लिहून हे वाक्य गाळणं म्हणजे अर्धं उत्तर खिशात ठेवणं. तुमच्या एसपीएसएसमध्ये यू १२ दिसेल आणि आरमध्ये डब्ल्यू ६०. दोन्ही एकच, कारण १२ आणि ६० मिळून ७२ होतात. त्याने गोंधळून जाऊ नका.

दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखाच असून एक गट नुसता सरकलेला असेल, तरच मॅन-व्हिटनीला मध्यकांची तुलना म्हणता येतं. तुमच्याकडे दुसरा गट जास्त पसरलेला आहे, त्यामुळे ‘मध्यकांत लक्षणीय फरक आढळला’ असं लिहू नका. ‘इजा झालेल्या रुग्णांचे आकडे वरचे असण्याकडे कल आढळला’ असं लिहा आणि ८३ टक्के द्या.

मग मॅन-व्हिटनीला मी दुय्यम का ठेवते? कारण ती ‘आहे की नाही’ याचं उत्तर देते, ‘किती’ याचं उत्तर डॉक्टरला उपयोगी पडेल अशा रूपात देत नाही. शिवाय पुढे वय किंवा तापाचा कितवा दिवस हे लक्षात घ्यायचं झालं, तर लॉगवरून रिग्रेशनमध्ये जाता येतं. मॅन-व्हिटनीवरून तितक्या सहज जाता येत नाही.

तरी एक परिस्थिती अशी आहे की मी मॅन-व्हिटनीलाच पहिला मान देईन, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी नेहमी येते. ॲनालायझरची वरची मर्यादा ओलांडली की नमुना डायल्यूट करून पुन्हा लावायला हवा, पण पावसाळ्यात रात्री गर्दी असली की रिपोर्टवर नुसतं ‘१५००पेक्षा जास्त’ येतं. समजा तुमचे १९०० आणि ६४०० असेच आले असते. मग लॉग कशाचा घेणार? १५००चा घेतला तर दुसऱ्या गटाची सरासरी आणि विचलन दोन्ही खोटी होतात. मॅन-व्हिटनीला मात्र एवढंच पुरतं की हे दोघं पहिल्या गटातल्या सगळ्यांच्या वर आहेत, कारण तिथला सर्वांत मोठा आकडा ९६० आहे. ६० जोड्या ६०च राहतात. खालच्या टोकाला, ‘अमुकपेक्षा कमी’ असे सीआरपीचे रिपोर्ट बरेच असतील, तरी हेच लागू. तिथे मर्यादेचा निम्मा आकडा टाकून लॉग घ्यायची पद्धत आहे. एक-दोन रुग्णांपुरती ती चालून जाते, गटातले तिसरा हिस्सा लोक तसे असतील तर नाही.

मॅन-व्हिटनीची एक मर्यादा फार छोट्या नमुन्यात उघडी पडते. तीन विरुद्ध तीन रुग्ण असतील आणि एका गटातले तिघंही दुसऱ्या गटातल्या तिघांच्या वर असतील, तरी पी ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही, कारण सहा जणांचे तीन-तीनचे गट २० प्रकारेच पडतात आणि दोन्ही टोकं धरून २ भागिले २० हीच सर्वांत छोटी किंमत. चार विरुद्ध चारला ती ०.०२९ होते. ‘नमुना छोटा आहे म्हणून नॉनपॅरामेट्रिक’ हे वाक्य इतकं सर्रास म्हटलं जातं, पण नमुना जितका छोटा तितकी ही चाचणी बोलायलाच असमर्थ होत जाते. तुमच्याकडे नऊ आणि आठ आहेत, तिथे ही अडचण नाही.

हे दोन्ही चालवायला आरमध्ये एवढंच पुरतं:

```r
a <- c(62, 85, 98, 120, 145, 180, 230, 410, 960)
b <- c(150, 210, 340, 480, 620, 890, 1900, 6400)
wilcox.test(b, a, exact = TRUE)
r <- t.test(log(b), log(a))
r$p.value
exp(r$estimate)
exp(r$conf.int)
```

`t.test` मुळातच वेल्चची चाचणी देतं, वेगळं सांगावं लागत नाही. एसपीएसएसमध्ये लॉगचा नवा कॉलम करा आणि निकालातली `Equal variances not assumed` ही ओळ वाचा. मॅन-व्हिटनीसाठी `Exact Sig.` घ्या, `Asymp. Sig.` नको. तुमच्या आकड्यांत दोन्ही ०.०२१च येतात, पण याहून छोट्या गटात त्यांत अंतर पडतं. आणि इंटरव्हलची दोन्ही टोकं लॉगमधून बाहेर काढायला विसरू नका. ०.२१ ते २.४५ असा इंटरव्हल प्रबंधात तसाच छापला तर वाचणाऱ्याला त्याचा काही अर्थ लागणार नाही.

६४०० बद्दल आता. तो काढायचा नाही. तो आकडा मोठा आहे म्हणून चुकीचा ठरत नाही. गंभीर लेप्टोत असे आकडे दिसतात आणि तो रुग्ण तुमच्या अभ्यासाचा विषयच आहे. काढायचं कारण एकच असू शकतं: मोजमाप चुकलं याचा स्वतंत्र पुरावा. म्हणून केसपेपर उघडा. नमुना डायल्यूट करून लावला होता का, आणि त्याचा गुणक योग्य धरला का, ते लॅबच्या रजिस्टरमध्ये बघा. नमुना हिमोलाइज झाला होता का, ते विचारा.

मला स्वतःला ६४०० पेक्षा पहिल्या गटातला ९६० जास्त खटकतो. आपल्याकडे लेप्टोचा हंगाम आणि भातलावणीचा हंगाम एकच. दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेल्या माणसाचा सीपीके नुसत्या कष्टानेही चढलेला असतो. त्यातून बहुतेक रुग्ण आपल्याकडे येण्याआधी गावात कमरेत इंजेक्शन घेऊन आलेले असतात, आणि स्नायूत दिलेल्या इंजेक्शननेही सीपीके वाढतो. ही दोन्ही कारणं दोन्ही गटांत असू शकतात, पण सारख्या प्रमाणात असतील असं नाही. जास्त आजारी माणूस चार दिवस आधीपासून झोपून असेल तर त्याने लावणी केलेली नसेल, पण इंजेक्शनं जास्त घेतली असतील. हा गोंधळ कुठलीही चाचणी सोडवत नाही, पॅरामेट्रिक असो वा नॉनपॅरामेट्रिक. सतरा रुग्णांत तो रिग्रेशनने सोडवायचा प्रयत्नही करू नका, फार तर एखादं चल पेलेल. त्याऐवजी प्रत्येक रुग्णासमोर तीन गोष्टी लिहून परिशिष्टात तक्ता द्या: तापाचा कितवा दिवस, दाखल होण्याआधी स्नायूत इंजेक्शन घेतलं का, आणि आधीच्या आठवड्यात शेतात जड काम केलं का. केसपेपरवर नसेल तर ‘नोंद नाही’ असं लिहा. परीक्षक हा तक्ता बघून तुमच्या निष्कर्षावर जास्त विश्वास ठेवतील.

आकृतीत सतराच्या सतरा ठिपके दाखवा, उभा अक्ष लॉगचा ठेवा. सरासरीचे खांब काढू नका. इतक्या थोड्या रुग्णांत बॉक्स प्लॉटचीही गरज नाही, ठिपके स्वतःच सगळं सांगतात.

राहिला तो सर्वांत नाजूक मुद्दा. तुम्ही पी-व्हॅल्यू आधीच बघितल्या आहेत. आता तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलंय ते काढून बघा. तिथे एखाद्या चाचणीचं नाव दिलं असेल तर तीच मुख्य, मग ती मला आवडो वा न आवडो. माझी पसंती तिच्या शेजारी पूरक म्हणून द्या. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये ‘योग्य ती चाचणी वापरली जाईल’ एवढंच असतं. तसं असेल तर लॉग-वेल्च मुख्य ठेवा, मॅन-व्हिटनी शेजारी द्या, आणि पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा की सीपीके गुणाकाराच्या स्वरूपाचं मोजमाप असल्याने लॉग घेतला, हा निर्णय आकडे गोळा झाल्यावर घेतला, आणि कच्च्या आकड्यांच्या टी-टेस्टचा पी ०.१३ होता. ते ०.१३ लपवू नका. ते का बाद आहे हे तुम्हाला २६०० च्या प्रयोगाने दोन मिनिटांत दाखवता येतं. बिलिरुबिन, सीआरपी वगैरे बाकीच्या तपासण्यांनाही हाच नियम लावा. एकीला लॉग आणि दुसरीला मॅन-व्हिटनी, जिथे जो पी छोटा तिथे ती, असं झालं तर पी-व्हॅल्यूला काही अर्थ उरत नाही.

१.२ ते ११.६ हा इंटरव्हल रुंद आहे, आणि चर्चेच्या प्रकरणात ते तसंच म्हणा. १.२ पट फरक वॉर्डमध्ये निरुपयोगी, ११ पट फरक असेल तर सीपीके दाखल होतानाच किडनीवर लक्ष ठेवायला सांगणारी खूण ठरू शकते, आणि सतरा रुग्ण या दोन्हींतला निवाडा करू शकत नाहीत. तुमच्या आकड्यांवरून लॉगवरचं एकत्रित विचलन साधारण १.०४ निघतं. तेवढंच धरलं आणि पुढच्या पावसाळ्यात तुमच्या ज्युनिअरने दोन्ही गटांत वीस-वीस रुग्ण घेतले, तर ३.८ च्या गुणोत्तराभोवतीचा इंटरव्हल साधारण १.९ ते ७.३ इतका आवळेल. त्याच्या सिनॉप्सिसमध्ये नमुन्याचा आकार याच हिशेबाने काढा, आणि लॉग-वेल्चचं नाव तिथे आधीच लिहून ठेवा.